बिजली बसेना झाली: एका बॉम्बशोधक श्वानाच्या निवृत्तीचं प्रकरण

बॉम्बशोधक कुत्र्याला स्फोटकाचा वास लागला की तो भुंकत नाही, पंजाने उकरत नाही, वस्तूला तोंडही लावत नाही. तो गप खाली बसतो आणि नजर त्या जागेवर ठेवतो. उकरलं तर तिथेच भडका उडू शकतो, म्हणून त्याला पिल्लू असल्यापासून हे बसणं शिकवलेलं असतं: वास आला, बसलो, चेंडू मिळाला. कुत्र्याच्या लेखी सगळी नोकरी त्या चेंडूसाठी असते. पथकातल्या माणसांच्या लेखी ती त्या बसण्यात असते, कारण कुत्रं बसलं की मैदान रिकामं करायचं, नाही बसलं की मंत्र्यांची गाडी आत सोडायची.

मी पशुवैद्यक आहे. आमच्या जिल्हा पोलिसांच्या श्वान पथकातली कुत्री तपासणीला माझ्याकडे येतात. जिल्ह्याचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही. बिजली ही काळ्या रंगाची लॅब्राडोर मादी. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तिला हाताळणाऱ्या हवालदारांबरोबर तयार झालेली आणि पुढची सगळी वर्षं त्यांच्याच हाताखाली राहिलेली. गणपती विसर्जन, निवडणुकीच्या सभा, एसटी स्थानक, न्यायालयाची इमारत, अशी तिची नेहमीची कामं. नऊ वर्षांची झाली तेव्हा पथकाच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. सोबतच्या पत्रात एकच ओळ होती: श्वान चुकीचे संकेत देत आहे, सेवेस योग्य आहे किंवा कसे याबाबत अभिप्राय द्यावा.

चूक काय होती ते हवालदारांकडून कळलं. एका सभेच्या आधीच्या तपासणीत बिजली व्यासपीठामागच्या एका पिशवीपाशी बसली. धावपळ झाली, जागा रिकामी केली, आणि पिशवीत निघाला मंडपवाल्या पोरांचा डबा. पुढच्याच महिन्यात सरावात लपवलेल्या स्फोटकाच्या नमुन्यापाशी ती थांबली आणि न बसता पुढे गेली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं, वय झालं, नाक गेलं.

"मॅडम, नाक शाबूत आहे हिचं," हवालदार म्हणाले. "मी सांगतो ना."

मला त्यांचं पटत होतं. म्हाताऱ्या कुत्र्याची नजर आणि कान आधी उतरतात, नाक बहुतेकदा त्यांच्या मागून. बिजलीच्या डोळ्यांत निळसर झाक आली होती, पण ती वयाची झाक, मोतीबिंदू नव्हे, आणि तिने दिसणं फारसं थांबत नाही. पण नाक चांगलं आहे हे हस्तकाच्या, म्हणजे कुत्रं हाताळणाऱ्याच्या, सांगण्यावरून लिहिता येत नाही. हस्तकाला कळत नसतं म्हणून नाही, तर त्याला फार कळत असतं म्हणून.

नमुना कुठे लपवलाय हे हस्तकाला माहीत असलं की त्याच्या पावलांचा वेग त्या जागी नकळत बदलतो. दोरी किंचित सैल होते, श्वास रोखला जातो. आपल्याला दिसणारही नाही एवढा हा बदल कुत्रं वाचतं, कारण त्याने वर्षानुवर्षं याच एका माणसाला वाचलेलं असतं. मग ते नमुन्यावर बसलं की माणसावर, हे सांगायला मार्ग उरत नाही. म्हणून चाचणी अशी लावावी लागते, की हस्तकाला काही ठाऊक नाही आणि त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या कुणालाच नाही.

सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, कवायत मैदानाच्या कडेला झाडांच्या सावलीत बारा पिशव्या मांडल्या. वेळ महत्त्वाची, कारण कुत्रं धापा टाकायला लागलं की तोंडाने श्वास घेतं, आणि तोंडाने हुंगता येत नाही. पथकातल्या एका शिपायाने एका पिशवीत नमुना ठेवला आणि तो इमारतीआड निघून गेला. सगळ्या पिशव्यांना त्याच हातमोज्यांनी हात लावला होता, नाहीतर कुत्रं स्फोटकाऐवजी ताज्या हाताळणीचा वास धरतं. नमुना अर्धा तास तसाच राहू दिला, कारण वास पिशवीबाहेर यायलाही वेळ लागतो. काही पिशव्यांत मुद्दाम रोजच्या वस्तू घातल्या: कपडे, साबण, आणि एकीत सुकट.

पहिल्या फेरीत बिजली आठव्या पिशवीपाशी थांबली आणि बसली. बरोबर होतं. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी मात्र त्यांच्या ओठांकडे बघत होते. ती बसायच्या क्षणभर आधी ते हलले होते.

दुसऱ्या फेरीत नमुना कुठेच नव्हता, पण हे फक्त त्या शिपायाला माहीत. बिजली सुकटीच्या पिशवीपाशी रेंगाळली. कुठलंही कुत्रं रेंगाळेल. हवालदारांचे ओठ पुन्हा हलले आणि ती बसली.

तिसऱ्या फेरीआधी मी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हटलं, घोट तोंडात धरा, फेरी संपेपर्यंत गिळू नका. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाटलीकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. काही न बोलता त्यांनी घोट घेतला. सुकटीपाशी बिजली क्षणभर रेंगाळली आणि पुढे गेली. तिसऱ्या पिशवीपाशी ती अशी थांबली, की कुणी न सांगता समजावं. तोंड मिटलं. शेपूट एका रेषेत ताठ झालं. नाक पिशवीच्या चेनपासून चार बोटांवर स्थिर राहिलं. मग तिने मागचे पाय दुमडायला सुरुवात केली, अर्ध्यावर आली आणि पुन्हा उभी राहिली. मान वळवून हवालदारांकडे पाहिलं. ते तोंडात पाणी धरून उभे. पुन्हा पिशवीकडे बघत ती उभीच राहिली.

नमुना तिसऱ्याच पिशवीत होता.

प्रकरण इथे बरंचसं उलगडलं. बिजलीचं नाक गेलं नव्हतं, तिला बसवत नव्हतं. गेले काही महिने ती वासापाशी थांबायची आणि बसायचं टाळायची. हवालदार तिचा मिटलेला जबडा आणि ताठ शेपूट ओळखायचे आणि ओठांतल्या ओठांत 'सिट' म्हणायचे, म्हणजे तिचं बसणं ते भरून काढत होते. ती खरोखर वासापाशी थांबलेली असे तोवर हे खपून गेलं. मंडपवाल्यांच्या डब्यापाशी ती भाजीच्या वासाने थांबली, आणि त्यांनी सवयीने तिला बसवलं. सरावात न बसता गेली, तेव्हा साहेब शेजारी उभे असल्यामुळे हवालदार गप्प होते. दोन्ही चुका एकाच कारणाच्या, आणि त्या कारणाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एवढं खरं, की त्यांनी सांभाळून घेतलं म्हणून तिचं दुखणं पाच-सहा महिने कुणाला दिसलं नाही.

लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा त्रास नवा नाही. पाय मागे ताणल्यावर ती वळून माझ्या मनगटाशी आली. चावली नाही, नुसते दात टेकवले. मांडीचा घेर टेपने मोजला, डाव्या बाजूचा स्नायू स्पष्ट झडलेला. एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे झिजलेले, डावा अधिक. घरचं कुत्रं असतं तर मालकाने एवढंच सांगितलं असतं, की सकाळी उठताना आखडते आणि जिना हळू चढते. चालून चालून सांधा गरम झाला की लंगडणं कमी होतं, त्यामुळे ड्यूटीवर ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही. बसतानाच्या ढबीत मात्र येतं. निरोगी कुत्रं दोन्ही पाय पोटाखाली घेऊन चौकोनी बसतं, दुखणारं कुत्रं एक पाय बाजूला फेकून कलतं. बिजलीचे जुने सरावाचे व्हिडिओ मागवून पाहिले. वर्षभरापूर्वीच डावा पाय बाहेर जायला लागला होता.

तरी दुखण्यामुळेच बसत नाही, हा अजून अंदाजच होता. रक्ताच्या तपासणीत यकृत-मूत्रपिंड ठीक दिसल्यावर दोन आठवडे मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सुरू केलं, रोज एकदा, जेवणाबरोबर. मग तीच चाचणी, नव्या पिशव्या, हवालदारांच्या तोंडात पुन्हा पाणी. ती बसली. वाकडी, डावा पाय बाहेर टाकून, पण आपणहून आणि बरोबर पिशवीपाशी. रिकाम्या फेरीत कुठेच बसली नाही.

"मग झालं की," हवालदार म्हणाले. "गोळी चालू ठेवू. अजून दोन वर्षं आरामात काढेल."

या मुद्द्यावर आमचं बरंच बोलणं झालं. गोळीने सांधा दुरुस्त होत नाही, दुखणं झाकलं जातं. झाकलेल्या दुखण्यावर तिने रोज व्हॅनमधून उड्या मारायच्या, व्यासपीठाच्या पायऱ्या चढायच्या, तर सांधा आणखी लवकर जाणार. दुसरं म्हणजे चाचणी दहा मिनिटांची होती, बंदोबस्तातली तपासणी दोन-दोन तास चालते. शेवटच्या अर्ध्या तासात ती बसली नाही, तर ते 'वास नाही' म्हणून की 'बसवत नाही' म्हणून, हे कुणी ठरवायचं? तिथे पुन्हा हवालदारांनाच ठरवावं लागणार. व्यासपीठासमोर हजारो माणसं बसणार असतात तेव्हा 'बहुतेक' या उत्तराचा उपयोग नाही. मी अभिप्राय लिहिला: घ्राणक्षमता उत्तम, संकेत अविश्वसनीय, सेवेस अयोग्य.

ते पत्र हवालदारांनी माझ्यासमोर दोनदा वाचलं. "उत्तम लिहिलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले.

कुणाकडे द्यायची

पोलीस श्वान म्हटलं की महाराष्ट्रात अजून झंजीरचं नाव निघतं. 1993च्या मुंबई स्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. तो 2000 साली हाडांच्या कर्करोगाने गेला आणि त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. त्याच्या वाट्याला निवृत्तीनंतरचं जगणं असं आलंच नाही. 26/11च्या वेळी कामाला असलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर मात्र निवृत्त झाल्यावर विरारच्या एका फार्मवर गेले, आणि 2016 या एकाच वर्षात एकामागून एक चौघेही गेले. माझ्या मते त्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे ओळखीची संगत शेवटपर्यंत टिकली.

बिजलीच्या बाबतीत सगळ्यांनी धरून चालल्यासारखं झालं होतं, की हवालदारच तिला घरी नेणार. त्यांनीही तेच धरलं होतं. पण त्यांचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बिजलीचं वजन तेहतीस किलो. खुबे झिजलेल्या कुत्र्याला दिवसातून चार वेळा तीन मजले चढउतार म्हणजे गोळी एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं. त्यात त्यांच्या नावावर नवं पिल्लू मंजूर झालं होतं. त्याच्याबरोबर सहाएक महिने पुण्यात राहावं लागणार, म्हणजे नेमक्या अवघड काळात ते घरीच नसणार. तिला पथकाच्या खोलीतच ठेवावं असंही कुणी सुचवलं. याला मी ठाम नाही म्हटलं. रोज सकाळी व्हॅनचं इंजिन सुरू होणार, बाकीची कुत्री निघणार आणि ती जाळीमागे उभी राहणार. असं ठेवलेली कुत्री खाणं सोडतात नाहीतर गोल गोल फिरत राहतात, हे मी पाहिलंय.

पथकात प्रत्येक कुत्र्याला दोन हस्तक असतात, एक रजेवर गेला तर दुसरा. बिजलीचे दुसरे हस्तक दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त होऊन गावी राहत होते. पथकात सगळे त्यांना आबा म्हणतात. बैठं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, म्हणजे घसरायला फरशी नाही. हवालदारांनी स्वतःच त्यांना फोन केला, फक्त ते कळायला मला चार दिवस लागले.

हस्तांतर एका दिवसात करायचं नाही, असं ठरवलं. तीन आठवडे आधीपासून आबा अधूनमधून येऊन संध्याकाळचं खाणं घालू लागले. पुढच्या आठवड्यात बिजली दोन रात्री त्यांच्या घरी राहून आली. तिथे तिचं जुनं पोतं न धुता अंथरलं, कारण त्याला खोलीचा आणि हवालदारांचा वास होता. हाका आणि शब्द तेच ठेवले. काम बंद होणार म्हणून खाणं हळूहळू साधारण चौथ्या हिश्शाने कमी केलं. निवृत्त कुत्री वर्षभरात फुगतात ती लाडामुळे, आणि झिजलेल्या सांध्यावर दोन किलो जास्त म्हणजे गोळीचा निम्मा फायदा गेला. एक गोष्ट मात्र घरी द्यायची नाही असं मी सांगितलं, ती म्हणजे कामाचा पट्टा. छातीवर तो चढला की कुत्रं कामाला लागतं. घरी नुसता आठवण म्हणून कुणी तो घातला, तर ते दिवसभर शोधत राहील आणि त्याला चेंडू मिळणार नाही.

शेवटचा दिवस

कार्यालयाने निरोपाची तयारी जोरात केली होती. फुलांनी सजवलेली जीप, बँड, आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली फटाक्यांची माळ. फटाके बंद करवले. बॉम्बशोधक कुत्रीसमोर बारूद फोडायची आणि ती बसली की तिला ओढून न्यायचं, यापेक्षा वाईट निरोप मला सुचत नाही. जीपला चढायला फळी लावायला सांगितलं.

सकाळी हवालदारांनी तिला खायला घातलं नाही, कारण प्रात्यक्षिक व्हायचं होतं आणि पोटभर खाऊन पळालेल्या मोठ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडू शकतो. नेहमीसारखं अंग विंचरलं, कान पाहिले, पंजांच्या गाद्या चाचपल्या. नोंदवहीत वजन लिहिलं, 32.6. गोळी चालूच होती, पण आदल्या दिवशीचा डोस त्यांनी विचारून मुद्दाम चुकवला होता. मला म्हणाले, "आहे तशी दिसू दे लोकांना." मी विचार करून हो म्हटलं. एका दिवसाने तिचं काही बिघडणार नव्हतं.

मैदानात सहा बॅगा. समोर पोलीस अधीक्षक, कर्मचारी, त्यांची मुलंबाळं. हवालदारांनी पट्टा चढवला आणि बिजलीचं अंग ताठ झालं. मग त्यांनी खिशातून छोटी बाटली काढून एक घोट घेतला. त्याचा अर्थ तिथे तीन माणसांनाच कळला असेल.

पहिली, दुसरी, तिसरी बॅग. चौथीपाशी तोंड मिटलं, शेपूट सरळ. मागचे पाय जरा वाकले आणि पुन्हा उभे राहिले. ती उभी राहून बघत राहिली. पुढच्या रांगेतली मुलं बसायची वाट बघत होती, कुणीतरी "सिट, सिट" असं ओरडलंही. बिजलीने त्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही. अधीक्षकांनी विचारलं, "सापडलं का?" हवालदारांच्या तोंडात पाणी, उत्तर कसं देणार? त्यांनी खिशातून चेंडू काढला आणि तिच्याकडे टाकला. तिने तो वरच्यावर झेलला. बॅग उघडली, नमुना होता. टाळ्या पडल्या तेव्हा ते पाणी गिळत होते.

जीपची मिरवणूक, हार, फोटो, सगळं यथासांग झालं. हार तिने एकदा हुंगला आणि मग अर्धा खाल्ला.

चारच्या सुमारास आबांच्या भाच्याची ओम्नी आली. कुणी कुणाला सोडून जायचं हे आधीच ठरलं होतं. हवालदार निघून गेले आणि ती मागे राहिली, असं नको होतं. ती आबांबरोबर निघेल, आधीच्या दोन वेळांसारखी. पथकात रोज ड्यूटी संपली की पट्टा काढताना 'छुट्टी' म्हणायचं असतं. तो शब्द ऐकला की कुत्र्याने अंग झटकायचं आणि मोकळं व्हायचं. हवालदार गुडघ्यांवर बसले, पट्ट्याची बक्कल सोडवली आणि म्हणाले, "छुट्टी." आवाज रोजचाच ठेवला होता. बिजलीने अंग झटकलं, त्यांच्या खिशात नाक खुपसून चेंडू तिथेच आहे याची खात्री केली आणि आबांमागे फळीवरून गाडीत चढली. चेंडू त्यांनी आबांच्या हातात दिला. "संध्याकाळी एकदा लपवा कुठेतरी. शोधू द्या. पण दोनच वेळा, आबा. जास्त नको, दमते."

"मला सांगतो का रे," आबा म्हणाले. "माझ्याही हाताखालून गेलीय ती."

गाडी गेल्यावर हवालदार खोली धुवायला गेले. पिल्लू येणार होतं, आणि पिल्लांना पार्व्हो या जीवघेण्या रोगाची धास्ती असते, म्हणून ब्लीचिंगच्या पाण्याने फरशी-भिंती घासून दोन दिवस सुकवायच्या होत्या. मी थांबले नाही. अशा वेळी थांबायचं नसतं असं मला वाटतं.

नंतर

पहिला आठवडा बिजलीने निम्मंच खाल्लं. ते अपेक्षित होतं आणि आबांना सांगूनही ठेवलं होतं. पाणी पिते का, लघवी नीट करते का, एवढं बघा, खाण्याची जबरदस्ती नको. पाण्याचं भांडंही सुटलं असतं तर मात्र मी लगेच गेले असते. दुसऱ्या आठवड्यात भूक परतली. हवालदारांनी निदान दीड-दोन महिने भेटायला जाऊ नये, असं माझं मत होतं. यावर वेगळं मत असणारे डॉक्टरही आहेत. पण नव्या घराची घडी बसण्याआधी जुना हस्तक येऊन गेला, की कुत्रं पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसतं. ते पुण्यालाच असल्याने हा नियम पाळणं त्यांना सोपं गेलं, की अवघड, ते त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळीत आबांचा फोन आला. भाच्याने आणलेली फटाक्यांची पिशवी कपाटाखाली ठेवली होती, आणि बिजली त्या कपाटासमोर बसली होती. गोळी चालू होती, त्यामुळे चांगली बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मी म्हटलं, चेंडू द्या आधी, बरोबर काम केलंय तिने, आणि मग पिशवी शेजारी नेऊन ठेवा. तिला रागावलात तर काय चुकलं ते तिला कधीच कळणार नाही.

हवालदार नवं कुत्रं घेऊन परतले तेव्हा तपासणीला माझ्याकडे आले. तरणाबांड पिवळा लॅब्राडोर, वासाला झकास, बसायला जरा उतावळा. खुब्यांचे एक्स-रे आत्ताच काढून ठेवा, पुढे ताडून बघायला लागतील, असं त्यांनीच सांगितलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "मॅडम, दर महिन्याला एक फेरी लावायची. नमुना दुसऱ्याने लपवायचा, मला सांगायचं नाही. एक फेरी रिकामी. साहेबांना सांगून वहीत तसा रकाना पाडून घेतलाय." मग सवयीने पँटच्या खिशावर हात मारून पाण्याची बाटली आहे का बघितलं, आणि कुत्र्याला व्हॅनमध्ये चढवायला गेले.